मित्राला लागू पडलेली गोळी तुम्हाला उलटी का पडली

प्रश्न : वय ४३, चिपळूणजवळ राहतो, लग्नाला १६ वर्षं झाली. आधी सगळं ठीक होतं. गेल्या दीडेक वर्षात आत गेल्यागेल्या मिनिटभरात होऊन जातं. कामावरच्या मित्राला लग्नापासून हाच त्रास होता, त्याला डॉक्टरांनी दिलेल्या रोजच्या गोळीने चांगला फरक पडला. तीच गोळी त्याच्याकडून आणून मी तीन आठवडे घेतली. वेळ वाढली नाहीच, उलट आता नीट ताठही होत नाही. आजार एकच, गोळीही एकच, मग असं का?

उत्तर :

आधी गोळीचं बघू. पाकीट हातात घ्या आणि मागचं नाव वाचा. पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांतलं काही असेल तर आजच्या आज एकदम बंद करू नका. तीन आठवडे रोज घेतलेली ही गोळी, विशेषतः पॅरॉक्सेटिन, अचानक सोडली की काहींना चक्कर येते, मळमळतं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारख्या झिणझिण्या येतात. जवळच्या डॉक्टरांना पाकीट दाखवा. ते मात्रा कमी करत करत काही दिवसांत गोळी सोडवतील. नाव डॅपॉक्सेटिन असेल तर ती मुळात रोज घ्यायची गोळीच नाही, ती तशीच थांबवली तरी सहसा त्रास होत नाही. आणि दरम्यान तिच्या जोडीला दुसरी कुठलीही गोळी मित्राकडून किंवा मेडिकलमधून स्वतःहून आणू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. तुमची आणि मित्राची तक्रार एक आहे, आजार दोन आहेत. मित्राच्या शरीरात स्खलनाची वेळ पहिल्यापासूनच आखूड बसवलेली आहे. तुमची वेळ नीट होती, ती कशामुळे तरी आखूड झाली. त्याच्याकडे स्खलन लांबवणारी गोळी हाच मुख्य उपचार आहे. तुमच्याकडे आधी ते 'कशामुळे तरी' शोधायला हवं. तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरून माझा पहिला संशय ताठरतेवर आहे. ताठरता आधीच डळमळीत असताना ही गोळी घेतली तर ती आणखी ढासळते, आणि तेच झालेलं दिसतंय.

मी २६ वर्षं सिंधुदुर्गात प्रॅक्टिस करतोय. या तक्रारीचा माणूस समोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे पहिल्या वेळेपासून असंच आहे, की मधली काही वर्षं बरी गेली होती? बहुतेक जण नुसतं 'लवकर होतं' एवढंच सांगून गप्प होतात, कारण तेवढं बोलायलाच त्यांना कित्येक महिने लागलेले असतात. पण या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढची सगळी वाट बदलते. हा भेद नवा नाही. बर्नार्ड शापिरो नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्येच असे दोन प्रकारचे रुग्ण वेगळे काढले होते. एकांची वेळ सुरुवातीपासून कमी असायची. दुसऱ्यांची नंतर कमी झालेली असायची, आणि त्या दुसऱ्यांमध्ये ताठरतेची तक्रारही जोडीने यायची. आज ८० वर्षांनीही माझ्या टेबलासमोर हेच दोन गट बसतात.

'लवकर' म्हणजे किती, हे आधी सांगतो, कारण इथेच पुष्कळांची फसगत होते. २००५ मध्ये पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांनी घरी स्टॉपवॉच लावून वेळ मोजली, आणि मधली संख्या निघाली ५.४ मिनिटं. म्हणजे निम्म्या पुरुषांची वेळ त्याहून कमीच होती. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून अर्धा तास हा हिशोब धरून आलेल्या, सात-आठ मिनिटांची वेळ असलेल्या तरुणाला मी औषध देत नाही, ही संख्या सांगतो. जन्मजात प्रकारात पहिल्या अनुभवापासून जवळजवळ प्रत्येक वेळी प्रवेशानंतर साधारण एका मिनिटाच्या आत, काहींचं तर प्रवेशाआधीच, स्खलन होतं. नंतर आलेल्या प्रकारात आधीची बरी वेळ त्रासदायक इतकी घसरते, बहुधा तीन मिनिटांच्या किंवा त्याहून खाली. दोन्हींत आणखी दोन गोष्टी लागतात : थांबवणं हातात नसणं, आणि त्यामुळे मनाला किंवा संसाराला त्रास होणं.

आपल्याकडे आणखी एक प्रकार फार दिसतो, तो यांतला कुठलाच नाही. बोटीवरचा माणूस सात-आठ महिन्यांनी घरी येतो, किंवा मुंबईत दहा जणांत खोली करून राहणारा चाकरमानी गणपतीला गावी येतो. पहिल्या दोन-चार रात्री पटकन होऊन जातं. घरही भरलेलं असतं, पलीकडच्या खोलीत पाहुणे झोपलेले. एवढ्या खंडानंतर आणि एवढ्या घाईत कुणाचंही होईल. आठवड्यात वेळ जागेवर येत असेल तर त्याला आजार म्हणू नये आणि औषधही देऊ नये.

आता तुमच्या मित्राचा प्रकार. त्याच्यासारखा एक तरुण माझ्याकडे होता, कुडाळच्या एमआयडीसीत कामाला, वय २९. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतोय. बायकोला घेऊन आला होता, हे मला फार बरं वाटलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पहिल्या रात्रीपासून एकदाही अर्ध्या मिनिटाच्या वर गेलेलं नव्हतं. कधी कधी तर कपडे उतरवतानाच. लग्नाआधी हस्तमैथुनातही असंच व्हायचं. सकाळी ताठरता छान यायची, साखर, रक्तदाब ठीक, कसलं व्यसन नाही, दोघांचं एकमेकांशी छान जमायचं. अशा वेळी ढीगभर तपासण्या करून काही सापडत नाही, कारण बिघाड रक्तात किंवा नसेत दिसेल असा नसतो.

मेंदूतून कण्याकडे जाणारा एक लगाम असतो, आणि तो खेचण्याचं काम मोठ्या प्रमाणात सेरोटोनिन नावाचं द्रव्य करतं. अशा पुरुषांत हा लगाम जन्मतःच सैल असावा, असं आजचं मत आहे. हा अजून अंदाजच आहे, पण त्याला भक्कम आधार आहे. एकाच पिंजऱ्यात, एकाच खाण्यावर वाढलेल्या नर उंदरांतही काही कायम झटपट असतात आणि काही कायम सावकाश. त्यांना कुणी वाईट सवय लावलेली नसते, पहिल्या रात्रीचा धसकाही नसतो. म्हणून 'लहानपणी हस्तमैथुन केलंत त्याचं हे फळ' असं ज्याला कुणी सांगितलंय, त्याला मी ही उंदरांची गोष्ट मुद्दाम सांगतो.

गोळी सापडली तीही योगायोगाने. डिप्रेशनवरची औषधं घेणारे पुरुष तक्रार करायचे की स्खलन व्हायला फार उशीर लागतो. ज्याला लवकर होतं त्याच्यासाठी हा दुष्परिणाम म्हणजे उपचारच झाला. नेदरलँड्सचे मार्सेल वाल्डिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये पॅरॉक्सेटिन वापरून हे नीट दाखवून दिलं. त्या कुडाळच्या तरुणाला मी पॅरॉक्सेटिन २० मिलिग्रॅम रोज रात्री दिली. पहिल्या आठवड्यात त्याला नुसत्या जांभया यायच्या आणि पोट ढवळायचं, फरक शून्य. हे त्याला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून तो टिकला. परिणाम दिसायला आठवडा-दीड आठवडा लागतो, पूर्ण यायला दोन-तीन आठवडे. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वेळ साडेतीन-चार मिनिटांवर आली. दोघं परत आली तेव्हा बायकोच जास्त बोलत होती.

आठ महिन्यांनी आता बरं झालं असं समजून त्याने, माझ्या सांगण्याप्रमाणे हळूहळू, गोळी सोडली आणि महिनाभरात पुन्हा अर्ध्या मिनिटावर आला. जन्मजात प्रकारात हे असंच होतं. गोळी लगाम धरून ठेवते, लगाम नवा बसवत नाही. चष्म्यासारखं आहे हे, काढला की नंबर तिथेच. पुढे त्यांना मूल हवं होतं. या गटातल्या गोळ्यांमुळे वीर्याच्या प्रतीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्या काळापुरतं आम्ही रोजच्या गोळीऐवजी लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम वापरलं. वाटाण्याएवढं मलम लिंगाच्या टोकाला, २० मिनिटं ठेवायचं आणि संबंधाआधी स्वच्छ धुऊन टाकायचं. धुतलं नाही तर बायकोलाही बधिरपणा येतो, आणि जास्त वेळ ठेवलं तर स्वतःलाच इतकं बधिर होतं की ताठरता टिकत नाही. थांब-आणि-चालू हा सराव, जो जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये मांडला, तोही मी त्याला शिकवला. शिखर जवळ आलं की थांबायचं, लाट ओसरू द्यायची, पुन्हा सुरू करायचं. गोळीच्या जोडीला त्याचा उपयोग होतो, कारण गोळीमुळे त्या माणसाला पहिल्यांदाच थांबण्याएवढा वेळ मिळतो. नुसत्या सरावावर जन्मजात प्रकार फार काळ सावरलेला मी कमी पाहिलाय.

आता तुमच्या जवळचं. मालवण बंदरावरचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, वय ४७, जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या, त्यामुळे तो दोन महिने घरी होता. एरवी समुद्रावरून येऊन दमलेला असतो म्हणून असं होतं, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. आता दमणूक नव्हती, झोप पुरेशी होती, तरी तेच झालं, तेव्हा त्याच्या मनाने घेतलं. लग्नाला २२ वर्षं. त्याच्या अंदाजाने पूर्वी पाच-सात मिनिटं व्हायची, दोन वर्षांत मिनिटावर आली. मेडिकलमधून बधिर करणारा स्प्रे आणून मारला होता, त्याने काम पार बिघडलं.

मी त्याला विचारलं, "आत जाताना पूर्ण ताठ असतं का? आणि होण्याच्या आधी सैल पडायला लागतं का?" तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "ढिला पडात म्हणान घाय करतंय, डॉक्टरांनू."

माझ्यासाठी निदान या एका वाक्यात होतं. मागच्या दोन वर्षांत सकाळची ताठरता आधी कमी झाली, मग आठवड्यातून एखाद्या वेळी, मग नाहीच. त्यानंतर संबंधाच्या मधेच सैल पडायला लागलं. मग माणूस नकळत शिकतो की जे काही करायचं ते ताठ आहे तेवढ्यात. ताठरता धरून ठेवायला तो जोर वाढवतो, वेग वाढवतो, मनात भीती असते, आणि भीतीने शरीर ज्या घाईच्या अवस्थेत जातं ती स्खलनाला ढकलणारी आणि ताठरतेला मारणारी असते. दोन्ही बाजूंनी कोंडी. बाहेरून दिसतं ते फक्त 'लवकर झालं'. वीर्य गेल्यावर लिंग सैल पडणारच, त्यामुळे आधी सैल पडत होतं हे कुणाच्या, स्वतःच्याही, लक्षात येत नाही. म्हणून तो प्रश्न मी असा तोडून विचारतो, आणि उत्तराची वाट बघतो.

आता त्या स्प्रेने काय केलं ते बघा. संवेदना हाच ताठरतेचा आधार, आणि तोच बधिर केला. तुमच्या गोळीनेही दुसऱ्या वाटेने तेच केलं. या गटातल्या गोळ्या इच्छा आणि ताठरता दोन्ही थोड्या खाली खेचतात. तुमच्या मित्राकडे ताठरता भक्कम होती, तिच्यातली थोडी गेली तरी त्याला कळलं नसेल. ज्याच्याकडे मुळातच काठावर आहे, त्याची त्या थोड्यात जाते.

तांडेलाचा रक्तदाब १५६/९६ निघाला, पोटाचा घेर वाढलेला, तंबाखू रोजची. उपाशीपोटी साखर १७२, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ८.६. मधुमेह असल्याचं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सकाळी काढलेलं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं, थायरॉइड ठीक, ईसीजीतही काही नव्हतं. वाढलेली साखर, रक्तदाब आणि तंबाखू बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब करतात. लिंगाची रक्तवाहिनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चारची. म्हणून कचरा साचायला लागला की पुष्कळदा आधी इथे कळतं, आणि छातीत कळायला आणखी काही वर्षं जातात. शरमेपोटी हा माणूस आणखी पाच वर्षं आला नसता तर कदाचित थेट हृदयविकारानेच भेटला असता. हे मी त्याला घाबरवायला सांगितलं नाही, पण सांगितलं जरूर.

स्खलन लांबवणारं औषध मी त्याला एकही दिलं नाही. साखरेसाठी मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, तंबाखू सोडायचा वायदा. रक्तदाबाची गोळी निवडतानाही बघावं लागतं, कारण जुन्या काही गोळ्या, एटेनोलॉल किंवा लघवी वाढवणाऱ्या, ताठरता आणखी कमी करू शकतात. आणि ताठरतेसाठी सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम. ती देण्याआधी एक प्रश्न कधीच चुकवायचा नाही : छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी किंवा नायट्रेट गटातलं काही घेता का? दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. त्याला तसं काही नव्हतं, आणि जाळं ओढताना कधी छाती भरून आली नव्हती.

गोळी कशी घ्यायची हे त्याच्याकडून परत वदवून घेतलं. तासभर आधी. मच्छीभाताचं भरपेट जेवण झाल्यावर नाही, कारण तेलकट जेवणावर ती उशिरा आणि कमी चढते. दारूवर नाही. गोळी घेऊन आडवं पडून वाट बघायची नाही, इच्छा आणि स्पर्श लागतोच. पहिले दोन आठवडे आत जायचं ध्येयच ठेवायचं नाही, ताठरता आली, गेली, पुन्हा आली, असं दोघांनी बघायचं. गेलेली परत येते हे एकदा अनुभवलं की घाईचं कारणच संपतं. दोनदा फसली म्हणून गोळी वाया गेली असं धरू नये, निदान सहा-आठ वेळा नीट घेऊन बघावी, हेही सांगितलं.

पहिल्या वेळी डोकं दुखलं आणि चेहरा लाल झाला, फरक फारसा नाही. त्याने जेवल्यावर घेतली होती. पाचव्या वेळी म्हणे पूर्वीसारखं वाटलं. नारळी पौर्णिमेच्या आधी दोघं येऊन गेली तेव्हा वेळ चार-पाच मिनिटं झाली होती, आणि वेळ वाढवणारं औषध पोटात शून्य. ताठरता टिकते असा भरवसा आला तशी घाई गेली, घाई गेली तशी वेळ आली. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ७ वर आली. तंबाखू कमी झाली, पूर्ण सुटली नाही. आजही दोनांतल्या एका वेळी त्याला गोळी लागते, आणि ती लागत राहील असं मला वाटतं, कारण दोन-चार वर्षांच्या साखरेने झालेली सगळी झीज भरून येत नाही. पण मिनिटावर तो परत गेलेला नाही.

ताठरता पक्की झाल्यावरही वेळ मिनिटभरच राहिली असती तर? असेही काही असतात. मग दुसरी पायरी म्हणून डॅपॉक्सेटिन ३० मिलिग्रॅम, संबंधाच्या एक ते तीन तास आधी, भरपूर पाण्याबरोबर, दिवसातून एकदाच. पण रक्तदाबाची गोळी आणि सिल्डेनाफिल चालू असताना ही घेऊन एकदम उठून उभं राहिलं तर भोवळ येऊन पडायची भीती असते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच. आणि रोजच्या पॅरॉक्सेटिनसारख्या गोळीबरोबर डॅपॉक्सेटिन कधीच घ्यायची नाही. क्रम महत्त्वाचा आहे : आधी ताठरता, मग उरली तर वेळ.

नंतर आलेल्या प्रकारात ताठरता कमी होणं हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण, पण एकमेव नाही. थायरॉइड जास्त चालत असेल तर वेळ कमी होते. हात थरथरतात, खाऊनही वजन उतरतं, छाती धडधडते, इतरांना गार वाटतं तिथे घाम येतो. इटलीतल्या एका अभ्यासात असे ३४ पुरुष होते, त्यांतल्या निम्म्यांना शीघ्रपतन होतं, थायरॉइड ताळ्यावर आणल्यावर हे प्रमाण १५ टक्क्यांवर आलं. म्हणजे पुष्कळांना थायरॉइडचं औषध हेच शीघ्रपतनाचं औषध ठरलं. लघवीला जळजळ, जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात ठसठस, स्खलनाच्या वेळी दुखणं असेल तर प्रोस्टेटची सूज बघायची. जंतू सापडले तर प्रतिजैविकं काही आठवडे घ्यावी लागतात आणि त्याने वेळही सुधारू शकते. पण लक्षण नसताना उगाच अँटिबायोटिक घेऊ नका. आणि कधी कारण संसारात असतं : कर्ज, आजारपण, दोघांतला अबोला. तिथे गोळीपेक्षा दोघांना समोर बसवून बोलणं जास्त काम करतं.

ट्रॅमाडॉलबद्दल स्पष्ट सांगतो, कारण वेळ वाढवायला म्हणून ती हातोहात दिली जाते. ती वेदनेवरची अफूच्या जातीची गोळी आहे, वेळ वाढते हे खरं, पण सवय लागते, सोडताना वेळ पूर्वीपेक्षा आखूड होऊ शकते, आणि तुमच्या सध्याच्या गोळीबरोबर ती घेतली तर फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोगावर खात्रीशीर' चूर्णांतही सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं. हृदयाची गोळी घेणाऱ्याने असं चूर्ण घेतलं तर काय होईल, ते वर लिहिलंच आहे.

तुमच्यासाठी आता इतकंच करा. येत्या दोन आठवड्यांत सकाळी उठताना ताठरता असते का हे रोज कॅलेंडरवर खूण करून ठेवा. सध्याच्या गोळीमुळेही ती कमी दिसू शकते, म्हणून गोळी सुरू करण्याआधीचे सहा महिने कसे होते तेही आठवून लिहा. त्या काळात सकाळची ताठरता कमी झाली होती का, मधेच सैल पडायचं का, एकट्याने केलं तर वेळ बरी असायची का. एकट्याने सगळं ठीक आणि बायकोबरोबरच बिघडत असेल तर रक्तवाहिन्यांपेक्षा मनाकडे बोट जातं. दोन्हीकडे सारखंच असेल तर शरीराकडे. घेत असलेली प्रत्येक गोळी, दारू, तंबाखू लिहा. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी, कोलेस्टेरॉल, थायरॉइडची टीएसएच, सकाळी अकराच्या आत टेस्टोस्टेरॉन, आणि रक्तदाब, एवढं करून घ्या. यासाठी मुंबईला जायची गरज नाही. चिपळूणच्या कुठल्याही चांगल्या फिजिशियनकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत हे होतं. आत गेल्यावर 'अशक्तपणा आहे' असं म्हणू नका, त्याने तुम्हाला टॉनिक मिळेल. म्हणा, 'दीड वर्षापासून लवकर होतंय, आधी नव्हतं, आणि ताठरताही कमी वाटते.' हे तीन तुकडे एकत्र ऐकले की समोरचा डॉक्टर बरोबर दिशेने विचारायला लागेल.

बायकोलाही सांगा की गोळी घेतली होती आणि तिने उलटं झालं. तुम्ही दूर का राहताय याचा ती स्वतःच्या मनाने काही वेगळाच अर्थ लावत असेल. तांडेलाच्या बायकोने नंतर मला सांगितलं, तिला दोन वर्षं वाटत होतं की ह्यांचं माझ्यावरचं मन उडालं.